०५/०८/४२ म्हणजे नेमकं केव्हा?

एक ओळ बघा. नमुन्यासाठी मीच बनवली आहे, पण पावसाच्या जुन्या वह्यांतून संगणकावर उतरवलेल्या ओळी साधारण अशाच दिसतात.

```
05/08/42, 8.30, 12-8-6
```

तारीख, नोंद घेतल्याची वेळ आणि त्या दिवशी पर्जन्यमापकाच्या दुरुस्तीला झालेला खर्च. वहीत हे लिहिणाऱ्या कारकुनाला कसलीच शंका नव्हती. वही त्याच्याच टेबलावर राहणार होती, भिंतीवर कोणतं घड्याळ आहे हे त्याला माहीत होतं आणि वर्ष वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिलेलं होतं. म्हणजे अर्ध्याहून जास्त माहिती ओळीच्या बाहेर होती. ओळ वहीतून सुटली की ती माहिती मागेच राहते.

माझं पीएचडीचं काम अशा नोंदींवर आहे. त्या साध्या टेक्स्ट फाइलमध्ये जातात, आणि साध्या टेक्स्टमध्ये फॉन्ट नसतो, देश नसतो, ‘मी भारतातून आले’ असं सांगणारं काहीच नसतं. फाइल उघडणारा पुण्यात असेल, बर्लिनमध्ये असेल किंवा टेक्सासमध्ये. त्याच्या पडद्यावर काय दिसेल ते आपल्या हातात नाही. म्हणून या ओळीतले तीन तुकडे एकेक करून बघू. प्रत्येकाच्या मागे थोडा इतिहास आहे, आणि गडबड नेमकी त्या इतिहासातूनच येते.

आधी तारीख. `05/08` हे आपल्याला ५ ऑगस्ट वाटतं, अमेरिकेत ८ मे. एवढं सगळ्यांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे, की ही चूक पूर्ण फाइलमध्ये एकसारखी होत नाही, आणि म्हणूनच ती लपते. समजा, एका वर्षाच्या रोजच्या नोंदी आपल्या पद्धतीने दिवस/महिना/वर्ष अशा लिहिल्या आहेत आणि अमेरिकन सेटिंग असलेल्या एक्सेलमध्ये ती फाइल उघडली. `13/08/2011` मध्ये तेरावा महिना सापडत नाही, म्हणून एक्सेल ती तारीख मानतच नाही. मजकूर म्हणून डाव्या बाजूला ठेवून देतं. पण दिवस १ ते १२ असेल तर आनंदाने महिना आणि दिवस उलटवून टाकतं आणि उजवीकडे ठेवतं. हिशोब सोपा आहे. बारा महिन्यांचे पहिले बारा दिवस म्हणजे १४४ तारखा. त्यातल्या १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा १२ तारखा उलटल्या तरी तशाच राहतात. उरलेल्या १३२ गुपचूप चुकतात, आणि २२१ तारखा मजकूर म्हणून बाजूला पडतात.

मुंबईच्या पावसाच्या आकड्यांत ही चूक फार मजेशीर दिसते. १ जुलैचा पाऊस ७ जानेवारीला जातो, २ जुलैचा ७ फेब्रुवारीला, १२ जुलैचा ७ डिसेंबरला. जून, ऑगस्ट आणि सप्टेंबरचंही तसंच. त्यामुळे आलेखात मुंबईत वर्षभर, अगदी जानेवारी-फेब्रुवारीतसुद्धा, दर महिन्याच्या ६, ७, ८ आणि ९ तारखेला पाऊस पडताना दिसतो, आणि जुलैच्या पहिल्या बारा दिवसांत मधले चार सोडले तर कोरडं ठणठणीत! असा आलेख दिसला तर हवामानाचा नवा सिद्धांत मांडायची घाई करू नका. आधी बघा की तारखांच्या रकान्यात काही ओळी डावीकडे आणि काही उजवीकडे आहेत का.

दोन आकडी वर्षाची गोष्ट वेगळी. `42` वाचताना संगणकाला शतकाचा अंदाज बांधावा लागतो, आणि प्रत्येक प्रणालीचा अंदाज वेगळा. पॉझिक्स मानकानुसार ६९ ते ९९ म्हणजे १९६९ ते १९९९ आणि ०० ते ६८ म्हणजे २००० ते २०६८. पायथनही तेच पाळतं. एक्सेलमध्ये नेहमीची सेटिंग असेल तर सीमारेषा २९ आणि ३० च्या मध्ये आहे. म्हणजे आपली ओळ पायथनमध्ये २०४२ ची होते आणि एक्सेलमध्ये १९४२ ची. १९०१ ते १९५० अशी पन्नास वर्षांची मालिका घेतली तर पायथन ती सगळीच्या सगळी एकविसाव्या शतकात टाकतं. माझ्या मते हे बरं, कारण ते लगेच डोळ्यांवर येतं. एक्सेल मात्र १९२९ पर्यंतची वर्षं २०२९ पर्यंत नेतं आणि १९३० पासूनची जागेवर ठेवतं.

यावर उपाय म्हणून १९८८ मध्ये आयएसओ ८६०१ हे आंतरराष्ट्रीय मानक आलं, आणि इंटरनेटसाठी त्याचं काटेकोर, सुटसुटीत रूप २००२ मध्ये आरएफसी ३३३९ या दस्तऐवजात आलं. आधी चार आकडी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये आडव्या रेघा.

```
1942-08-05
```

हे संदिग्ध का नाही? मानकात लिहिलंय म्हणून नाही. वाचणाऱ्याने मानक वाचलेलं असेलच असं थोडंच आहे! खरं कारण असं की ‘वर्ष-महिना-दिवस’ हा क्रम चीन, जपान, हंगेरीत रोजच्या वापरात आहे, पण ‘वर्ष-दिवस-महिना’ असा क्रम रोजच्या व्यवहारात सहसा कुठेच नाही. चार आकडी वर्ष पुढे आलं की वाचणाऱ्यासमोर एकच वाट उरते. माणसासाठी `5 Aug 1942` हेही तितकंच स्पष्ट आहे, पण यंत्रासाठी नाही: ऑक्टोबरला जर्मन मंडळी `Okt` लिहितात, डिसेंबरला `Dez`.

जाता जाता, मजकुरात मी देवनागरी अंक वापरते आणि चौकटीतल्या ओळींत `0` ते `9`, याचंही कारण आहे. देवनागरी ‘५’ आणि इंग्रजी `5` ही युनिकोडमध्ये दोन वेगळी अक्षरं आहेत. पायथन ‘४२’ ला संख्या म्हणून स्वीकारतं, पण ज्या प्रोग्रॅममध्ये `[0-9]` असा शोध लिहिलेला असतो त्याला ‘४२’ दिसतच नाही. एकाच रकान्यात दोन्ही प्रकार मिसळले की वर्णक्रम लावताना सगळे देवनागरी आकडे खाली जाऊन बसतात. माणसासाठी लिहिताना देवनागरी जरूर लिहा. जी ओळ यंत्राकडे जाणार आहे ती मात्र एकाच प्रकारच्या अंकांत ठेवा.

आता पैसे. `12-8-6` ही तारीख नाही. बारा रुपये, आठ आणे, सहा पै. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै होत्या, आणि रक्कम अशी तीन आकड्यांत लिहायची पद्धत होती. कारकून चुकला नव्हता. पण एक्सेलला तीन आकडे आणि दोन रेघा दिसल्या की तारखेशिवाय काही सुचत नाही. बारा रुपये साडेआठ आण्यांची १२ ऑगस्ट २००६ होते, किंवा अमेरिकन सेटिंगवर ८ डिसेंबर २००६.

ही चूक पकडण्याची एक छान खूण आहे. पै नेहमी ० ते ११ असतात. तेव्हा खर्चाच्या रकान्यात तारखा दिसायला लागल्या आणि सगळ्यांची वर्षं २००० ते २०११ यांच्या मध्येच असली, तर त्या तारखा नाहीत, पै आहेत. आणि `12-0-6` किंवा `12-14-0` सारख्या रकमा मजकूर म्हणूनच राहतात, कारण शून्यावा किंवा चौदावा महिना नसतो. (अमेरिकन सेटिंगवर `12-14-0` चीही तारीख होते. १४ डिसेंबर २०००. म्हणून एकाच खुणेवर विसंबू नका.)

अशी रक्कम दशांशात बदलून ठेवायचा मोह होतो. आठ आणे सहा पै म्हणजे १०२ पै, रुपयाच्या १९२ पै, म्हणजे १२.५३१२५ रुपये. दोन घरांपर्यंत १२.५३ लिहिलं की थोडं हरवतं, कारण १२.५३ म्हणजे नेमक्या किती पै होत्या हे परत काढता येत नाही. शिवाय १९४२ मध्ये नसलेले दशमान पैसे आपण त्या वहीत घुसवले! मला योग्य वाटतं ते असं: वहीतली रक्कम शब्दांसकट ठेवायची आणि शेजारच्या रकान्यात सगळ्यात लहान एककातली पूर्ण संख्या. १२ गुणिले १९२ अधिक १०२, म्हणजे २४०६ पै.

```
12 rupees 8 annas 6 pies, 2406
```

`p` असं एकच अक्षर लिहू नका, कारण ते पै की पैसे हे पुढच्या वाचणाऱ्याला कळणार नाही. आणि पहिल्या रकान्याचं नाव `amount` न ठेवता `amount_as_written`, दुसऱ्याचं `amount_pies` ठेवा.

रक्कम दोनदा लिहिण्याची ही कल्पना माझी नाही. धनादेशावर आपण आकड्यांत आणि अक्षरी असं दोनदा लिहितो. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम १८ नुसार दोन्हींत फरक असेल तर अक्षरी रक्कम ग्राह्य धरतात. आकडा बदलणं सोपं, शब्द बदलणं अवघड, हे त्या काळातल्या लोकांनाही ठाऊक होतं. ‘रु. ५००/-’ मधली ती शेवटची तिरकी-आडवी रेघसुद्धा त्याच घराण्यातली: रुपयांच्या पुढे काही नाही, आणि कुणी एखादं शून्य वाढवू नये.

दशमान पद्धत आल्यावर आण्यांचा घोळ संपला, पण चिन्हाचा घोळ २०१० मध्ये नव्याने सुरू झाला. १५ जुलै २०१० ला केंद्र सरकारने डी. उदय कुमार यांनी रेखाटलेलं ₹ हे चिन्ह स्वीकारलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आलेल्या युनिकोड ६.० मध्ये त्याला `U+20B9` ही जागा मिळाली. पण जागा मिळणं आणि लोकांच्या संगणकांवर दिसणं यात बराच काळ जातो. तोवर धीर कुणाला होता? एका भारतीय कंपनीने लगेच एक फुकट फॉन्ट काढला. त्यात कीबोर्डच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या बॅकटिक या खुणेच्या जागी रुपयाचं चित्र बसवलं होतं. फॉन्ट लावला की ₹, फॉन्ट काढला की बॅकटिक. फाइलमध्ये खरं अक्षर बॅकटिकच.

```
` 1,50,000
```

त्या वर्षांतल्या अहवालांच्या पीडीएफमध्ये हे आजही सापडतं. छापील पानावर सुंदर ₹ दिसतो, कारण फॉन्ट पीडीएफमध्ये बसवलेला असतो. तीच ओळ कॉपी करून दुसरीकडे टाकली की वरची खूण हाती येते. दिसणं आणि असणं यातला फरक समजून घ्यायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आणि बॅकटिक निरुपद्रवी नाही. मार्कडाउनमध्ये दोन बॅकटिकांमधला मजकूर कोड समजला जातो आणि खुणा स्वतः गायब होतात, म्हणजे एका वाक्यात दोन रकमा आल्या की दोन्हींचं चलन गेलं. जुना मजकूर साफ करताना म्हणूनच बॅकटिकापाठोपाठ लगेच किंवा एक जागा सोडून आकडा येतो का, तेवढंच शोधायचं. सरसकट सगळे बॅकटिक बदलायचे नाहीत.

आज ₹ बहुतेक फोनवर नीट दिसतो. तरी एक जागा उरतेच, एसएमएसची. एसएमएसच्या मूळ सात-बिटी अक्षरसंचात पौंड, डॉलर आणि येन आहेत, ₹ नाही. संदेशात एक ₹ आला की अख्खा संदेश दुसऱ्या पद्धतीने पाठवावा लागतो आणि १६० अक्षरांची मर्यादा ७० वर येते. बँकांच्या इंग्रजी संदेशांत `Rs` किंवा `INR` दिसतं, त्यामागे हेही गणित आहे. त्या दोघांत मी `INR` निवडेन, कारण `Rs` पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका आणि मॉरिशसचाही आहे.

स्वल्पविराम तर काढूनच टाका. `1,50,000` स्वल्पविरामांनी रकाने पाडणाऱ्या फाइलमध्ये तीन रकाने होतात, आणि `1,500` जर्मन वाचकाला दीड वाटतो. माणसासाठी लिहायचंच असेल तर धनादेशाची युक्ती आहे.

```
INR 150000.00 (one lakh fifty thousand rupees)
```

`Rs.` नंतर लगेच आकडा लिहिला की तो टिंब कुणाचा हा प्रश्न उरतो. पन्नास रुपये की पन्नास पैसे? `INR`, एक जागा आणि मग आकडा लिहिला की तो प्रश्नच येत नाही.

राहिली वेळ. `8.30` एक्सेलमध्ये गेली की 8.3 होते, आणि पुढे कुणी ती दशांश तास समजलं तर आठ वाजून अठरा मिनिटं. म्हणून टिंब नाही, `08:30`, चोवीस तासांत. पण खरा प्रश्न आहे, कोणाचे साडेआठ?

१ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईने मात्र आपली ‘बॉम्बे टाइम’ सोडली नाही. ती ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, म्हणजे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. हा दुहेरी कारभार १९५५ पर्यंत चालला. त्यातच दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५, देशाची घड्याळं आणखी एक तास पुढे होती. संगणकांतल्या कालविभागांच्या यादीत भारतासाठी एकच नाव आहे, `Asia/Kolkata`. त्यात युद्धकाळ सापडतो, पण बॉम्बे टाइम नाही, कारण १९७० नंतर ज्यांची घड्याळं सारखी चालली त्यांना ती यादी साधारणपणे वेगळं ठेवत नाही. मुंबईची १९४२ ची वेळ या नावाखाली टाकली की संगणक कुरकुर न करता ३९ मिनिटं चुकतो.

मग वेळेपुढे `IST` लिहावं का? ही तीन अक्षरं आयर्लंडची उन्हाळी वेळही आहे (ग्रिनिचच्या एक तास पुढे) आणि इस्रायलचीही (दोन तास पुढे). ई-मेलच्या १९८२ च्या नियमांत, आरएफसी ८२२ मध्ये, नावाने ओळखायचे विभाग दिले होते ते ग्रिनिच आणि अमेरिकेचे, शिवाय लष्करी एकाक्षरी खुणा, ज्यांची अधिक-उणे चिन्हं दस्तऐवजात उलटी छापली गेली होती. २००१ च्या सुधारित नियमांनी सांगितलं, की अनोळखी अक्षरं दिसली तर विभाग माहीत नाही असं समजा. `IST` त्या अनोळखींतच येतं. म्हणून आकडा लिहायचा:

```
1942-08-05T08:30+04:51
```

हे तेव्हाच लिहायचं जेव्हा ते घड्याळ बॉम्बे टाइमवर होतं हे वहीतून किंवा केंद्राच्या सूचनांतून दिसतं. दिसत नसेल तर `+05:30` अंदाजाने चिकटवू नका. `1942-08-05T08:30` एवढंच ठेवा आणि वेगळ्या रकान्यात `clock_unknown` लिहा. आकडा अचूक दिसला की पुढचा माणूस त्यावर शंका घेत नाही, आणि आपला अंदाज मग नोंद म्हणून वावरतो. पुढे ठरलेल्या बैठकीची किंवा गाडीची वेळ लिहिताना आकड्यासोबत गावाचं नावही द्या, कारण सरकारं घड्याळाचे नियम बदलतात आणि आज लिहिलेला आकडा त्या दिवशी खरा राहीलच असं नाही.

हे सगळं पाळूनही एक फट उरते, आणि आमच्या क्षेत्रात ती रोज भेटते. २६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस कुणीही विसरलेलं नाही. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर. पण हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, आणि त्या चोवीस तासांचा पाऊस संपतो त्या तारखेच्या नावावर जातो. त्यामुळे रोजच्या पावसाच्या तक्त्यात हा आकडा २७ जुलैसमोर सापडतो. `2005-07-27` ही तारीख पूर्ण निःसंदिग्ध आहे, कुठल्याही देशात एकच दिवस दाखवते, आणि तरीही त्या ओळीवरून शोधणाऱ्याला २६ तारखेसमोर जवळजवळ काहीच मिळत नाही. आयएसओ ८६०१ मध्ये त्यासाठी सोय आहे: सुरुवात, तिरकी रेघ, शेवट.

```
2005-07-26T08:30+05:30/2005-07-27T08:30+05:30, 944
```

ओळ लांब होते, हे खरं. आमच्या फाइलमध्ये आता प्रत्येक नोंद अशीच आहे, आणि शेवटच्या रकान्याचं नाव `rain_mm`.